रात्रभर पॅडवर ठेवूनही फोन अर्धाच चार्ज: वायरलेस चार्जिंग मध्येच का थांबतं

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचंही तेच आहे का ते लगेच कळेल. रात्री अकराला फोन वायरलेस पॅडवर ठेवला, टुंग वाजलं, चार्जिंगचं चिन्ह आलं, मी दिवा घालवून झोपलो. सकाळी उचलला तर ६१ टक्के आणि पाठ कोमट. कधी ६१, कधी ८४, मधूनच एखाद्या दिवशी चक्क १००. केबल लावली की सगळं ठणठणीत, पॅडवर मात्र त्याची लहर लागेल तसं.

दोन आठवडे मी सगळे नेहमीचे उपाय करून पाहिले. फोन रीस्टार्ट केला, अपडेट टाकलं, पॅडची केबल बदलली. पॅड बिघडलाय असं ठरवून नवीन घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात ताई म्हणाली, "अरे, माझ्याकडे हाच पॅड आणि हाच फोन आहे. माझा तर रोज शंभर होतो." मग दोघांनी पॅडची अदलाबदल केली. तिचा फोन माझ्या पॅडवर रात्रीत पूर्ण भरला आणि माझा तिच्या पॅडवरही अर्धवटच राहिला. म्हणजे पॅड निर्दोष. फोनही तोच. फरक दोनच: माझं कव्हर जाडजूड, आणि माझ्या फोनला रात्रभर मेसेज येतात. दुसऱ्या गोष्टीचा चार्जिंगशी काय संबंध, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

अडॅप्टरचा संशय आधी मिटवा

हे पटकन उरकू. बऱ्याच पॅडना पूर्ण ताकदीसाठी अडॅप्टरकडून ९ व्होल्ट लागतात. जुना ५ व्होल्ट १ अँपियरचा अडॅप्टर लावला, तर फोनने जास्त मागितलं की व्होल्टेज बसतं आणि पॅड स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. खूण सोपी आहे. चार्जिंग तुटताना पॅडचा स्वतःचा दिवाही विझून पुन्हा लागत असेल, तर दोष अडॅप्टरचा किंवा केबलचा. माझ्या पॅडचा दिवा चालू राहायचा आणि चार्जिंग तेवढं जायचं. त्यामुळे पुढचं सगळं प्रकरण पॅड आणि फोन यांच्या मधल्या त्या काही मिलिमीटरमध्ये होतं.

त्या फटीत नेमकं काय चालतं

पॅडमध्ये तांब्याच्या बारीक तारांचं एक चपटं वेटोळं असतं, साधारण चार-पाच सेंटिमीटर व्यासाचं. फोनच्या पाठीखाली तसंच दुसरं, जरा लहान. पॅडच्या कॉइलमधून सेकंदाला लाखाहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह जातो. त्याचं चुंबकीय क्षेत्र तितक्याच वेगाने उलटसुलट होतं, आणि त्यातला जो भाग फोनच्या कॉइलमधून जातो तो तिथे व्होल्टेज निर्माण करतो. फॅराडेने १८३१ साली लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळून जे दाखवलं तेच हे. फरक एवढाच की त्याच्याकडे क्षेत्र वाहून नेणारं लोखंड होतं आणि आपल्याकडे मध्ये प्लास्टिक, काच आणि हवा आहे.

पॅडच्या क्षेत्राचा किती हिस्सा फोनच्या कॉइलपर्यंत पोचतो, हे k या एका आकड्यात सांगतात. सगळाच पोचला तर k = 1, काहीच नाही तर शून्य. दोन्ही कॉइल नीट एकमेकींवर असताना फोनच्या चार्जिंगमध्ये k निम्म्याच्या आसपास असतो. त्यावरून परस्पर प्रवर्तनाचा गुणांक, म्हणजे म्युच्युअल इंडक्टन्स, निघतो आणि त्यावरून फोनला मिळणारं व्होल्टेज:

```
M = k × √(L1 × L2)
V = ω × M × I
```

यात L1 आणि L2 हे दोन कॉइलचे इंडक्टन्स, I हा पॅडच्या कॉइलमधला प्रवाह, आणि ω म्हणजे फ्रिक्वेन्सी गुणिले 2π. आकडे घालून बघू. Qi या मानकात (डब्यावर असं लिहिलेलं असतं, उच्चार मात्र 'ची') A10 नावाची पॅडची एक जुनी रचना आहे. तिच्यात कॉइल २४ मायक्रोहेन्रीची आणि कपॅसिटर १०० नॅनोफॅरडचा. फोनची कॉइल १५ मायक्रोहेन्रीची धरू. k = ०.५ असेल तर M येतो साधारण ९.५ मायक्रोहेन्री. १३० किलोहर्ट्झला ω × M म्हणजे सुमारे ७.७ ओहम. म्हणजे पॅडच्या कॉइलमध्ये १ अँपियर वाहिला की फोनच्या कॉइलमध्ये साधारण ७.७ व्होल्ट उमटतात. फोनला पुरेसे आहेत.

आता फोन थोडा सरकला आणि k निम्मा, म्हणजे ०.२५ झाला. तेवढ्याच प्रवाहाला आता ३.९ व्होल्टच मिळतात. पूर्वीइतकेच व्होल्ट हवे असतील तर पॅडला प्रवाह दुप्पट करावा लागेल, आणि तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. पाठ कोमट का होते त्याचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं असं: कॉइलच्या मागे फेराइटचा पातळ पत्रा असतो, क्षेत्राला बॅटरीत घुसू न देणारा. फोन सरकल्यावर क्षेत्राचा काही भाग त्या पत्र्याच्या कडेबाहेर पडतो आणि फोनच्या चौकटीच्या धातूत भोवरे प्रवाह फिरवत बसतो. ती उष्णता थेट फोनच्या पोटात जाते.

सरकण्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा उमगली. k हळूहळू सारख्या वेगाने उतरत नाही. कॉइलच्या आतून वर गेलेल्या क्षेत्ररेषा बाहेरच्या बाजूने वळून खाली येतात. फोनची कॉइल कडेला गेली की तिच्या एका भागातून रेषा वर जातात आणि दुसऱ्या भागातून खाली, आणि दोन्ही एकमेकांना खोडतात. त्यामुळे पहिले तीन-चार मिलिमीटर फारसं काही बिघडत नाही आणि मग अचानक उतार लागतो. आणखी पुढे एक जागा अशी येते जिथे दोन कॉइल एकमेकींना जवळजवळ ओळखतच नाहीत. "जरासाच तर सरकलाय" हे वाक्य म्हणूनच फसवं आहे.

मग रेझोनन्स काय करतो, आणि काय करत नाही

इथे बराच गैरसमज आहे. "दोन्ही कॉइल एकाच फ्रिक्वेन्सीला अनुनादात असतात, म्हणून ऊर्जा आपोआप बरोबर ठिकाणी जाते," असं वर्णन सर्रास दिसतं. त्यावरून वाटतं की रेझोनन्स चांगला असेल तर फोन कुठेही टाकला तरी चालेल. तसं नाही. रेझोनन्स k ला हात लावत नाही. k ठरतो तो भूमितीने: अंतर, सरक, कॉइलचा आकार, आसपासचा फेराइट आणि धातू.

रेझोनन्सचं काम वेगळं आहे. पॅडच्या कॉइलचं निम्मं क्षेत्र फोनपर्यंत पोचतच नाही, पण ते निर्माण करायला आणि दर चक्रात मोडायला पॅडला व्होल्टेज लागतंच. २४ मायक्रोहेन्रीची कॉइल १३० किलोहर्ट्झला जवळपास २० ओहमचा अडथळा करते. हा खरा रोध नाही, यात उष्णता होत नाही, पण प्रवाह अडतो. कॉइलसोबत कपॅसिटर जोडला की तो नेमका उलट वागतो. कॉइल ऊर्जा परत देत असते तेव्हा कपॅसिटर ती साठवतो, आणि पुढच्या पाव चक्रात तिला परत करतो. १०० नॅनोफॅरडचा अडथळा त्याच फ्रिक्वेन्सीला सुमारे १२ ओहम, उलट चिन्हाचा. दोघांची वजाबाकी होऊन साडेसात ओहमच्या आसपास उरतात. १०३ किलोहर्ट्झला दोन्ही बरोबर साडेपंधरा ओहम होतात आणि एकमेकांना पुरते खोडतात. तो या जोडीचा रेझोनन्स.

फोनच्या बाजूलाही तसाच कपॅसिटर असतो, साधारण १०० किलोहर्ट्झला जुळवलेला. तो नसता तर उमटलेल्या व्होल्टेजचा मोठा वाटा फोनच्या स्वतःच्या कॉइलचा १२ ओहमचा अडथळा ओलांडण्यातच गेला असता. कपॅसिटरमुळे १३० किलोहर्ट्झला तो ५ ओहमवर येतो.

म्हणजे रेझोनन्स कमी k ची भरपाई करू शकतो, पण फुकट नाही. तो प्रवाह वाढवणं सोपं करतो, आणि वाढलेल्या प्रवाहाची किंमत तारेतल्या उष्णतेत मोजावी लागते. २००७ साली एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने दोन मीटरवरून ६० वॉटचा दिवा पेटवला, त्याची आठवण इथे कुणी ना कुणी काढतोच. तो प्रयोग खरा आहे, पण त्यातल्या कॉइल जवळपास ६० सेंटिमीटर व्यासाच्या होत्या, फ्रिक्वेन्सी दहा मेगाहर्ट्झच्या आसपास होती, आणि तरी पोचली ती सुमारे ४० टक्केच ऊर्जा. फोनच्या पाठीखाली तेवढी जागा नाही आणि एवढी उष्णता सोसायची बॅटरीची तयारीही नाही.

पॅड आणि फोन आपसात काय बोलतात

दोषाची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

पॅड मुद्दाम रेझोनन्सच्या वर चालतो. मूळ ५ वॉटच्या पद्धतीत ११० ते २०५ किलोहर्ट्झ हा पट्टा आहे, आणि रेझोनन्स १०० च्या जवळ ठेवलेला. वरच्या टोकाला कॉइल-कपॅसिटर जोडीचा अडथळा २३ ओहम, म्हणजे प्रवाह कमी. फ्रिक्वेन्सी खाली आणली की अडथळा घटतो आणि प्रवाह वाढतो. डोंगराच्या एकाच उतारावर चढ-उतर करण्यासारखं हे आहे: जास्त हवं तर शिखराकडे, कमी हवं तर पायथ्याकडे.

किती हवं ते फोन सांगतो. दर पाव सेकंदाला वगैरे तो एक छोटा निरोप पाठवतो, "अजून दे" किंवा "कमी कर", उणे १२८ ते अधिक १२७ यांमधला एक आकडा. हा निरोप ब्लूटूथने जात नाही, त्याच दोन कॉइलमधून जातो. फोन आपल्या बाजूचा भार झपाट्याने बदलतो, सेकंदाला २००० बिटच्या वेगाने, आणि त्या बदलाची थरथर परस्पर प्रवर्तनातून उलट पॅडच्या कॉइलमध्ये उमटते. पॅड ती थरथर वाचतो.

आता k घसरला तर काय होतं ते क्रमाने बघा. फोनला व्होल्ट कमी पडतात, तो "अजून दे" म्हणतो. पॅड फ्रिक्वेन्सी खाली आणतो. पुन्हा कमी, पुन्हा "अजून दे". शेवटी पॅड ११० च्या तळाला टेकतो. प्रवाह भरपूर, उष्णता भरपूर, फोन तरी उपाशी. मग फोन चार्जिंगचा वेग स्वतःच कमी करतो. पण k घसरल्यावर फक्त ऊर्जाच कमी पोचते असं नाही, थरथरही तितकीच क्षीण होते. मोठ्या प्रवाहावरची बारीक थरथर पॅडला नीट वाचता येत नाही, निरोप फाटतात. साधारण दीड सेकंद एकही धड निरोप आला नाही की पॅड समजतो फोन उचलला, आणि वीज बंद करतो.

मग तो पुन्हा चाचपडायला लागतो: थोडी वीज देऊन बघतो, कुणी उत्तर देतंय का. याच क्षणी तुम्हाला रात्री दोनला ते अर्धवट टुंग ऐकू येतं. पण कोऱ्या सुरुवातीपेक्षा आधीच चालू असलेलं चार्जिंग जास्त सरकलेल्या जागीही टिकतं. म्हणजे ज्या जागी चालू चार्जिंग कसंबसं तग धरून होतं, त्याच जागी एकदा तुटलं की पुन्हा सुरू होत नाही. काही पॅड थोड्या प्रयत्नांनंतर फोन उचलून ठेवेपर्यंत प्रयत्नच सोडतात. ६१ टक्क्यांवर अडकलेल्या सकाळीचं गणित हेच.

मोजून बघा

केबलने मोजायला गेलात तर केबलच चार्ज करायला लागेल आणि सगळं मुसळ केरात. अँड्रॉइड फोन असेल तर डेव्हलपर पर्यायांमधलं वायरलेस डिबगिंग चालू करा, वाय-फायवरून संगणकाला जोडा, आणि टर्मिनलमध्ये हे चालवा:

```
while true; do
  date +%T
  adb shell dumpsys battery | grep -E "Wireless|level|temperature|Charge counter"
  sleep 60
done
```

Wireless powered समोर true किंवा false दिसतं. temperature दहापट असतं, म्हणजे 384 म्हणजे ३८.४ अंश. Charge counter मध्ये बॅटरीत साठलेला भार मायक्रोअँपियर-तासांत असतो. हा आकडा कामाचा, कारण टक्के फार जाडेभरडे असतात. दहा मिनिटांतला फरक घ्या, १००० ने भागा, सहाने गुणा: मिलिअँपियर मिळाले. मोजताना स्क्रीन बंद ठेवा आणि बॅटरी ८० टक्क्यांखाली असू द्या, नाहीतर फोन स्वतःच वेग कमी करतो आणि दोष जागेच्या माथी येतो.

माझ्या रात्रीच्या नोंदीत ११ वाजून ४ मिनिटांनी ३२ टक्क्यांवर सुरुवात झाली. १ वाजून ३७ मिनिटांनी ६४ टक्के, तापमान ३९.२, आणि पुढच्या ओळीपासून false. सकाळपर्यंत तीन टक्के वापरात गेले. म्हणजे अडीच तासांत जेमतेम ३२ टक्के, आणि तेही तापत तापत. "मध्येच थांबतं" ही तक्रार अर्धवट होती. ते सुरुवातीपासूनच रडतखडत चाललं होतं.

कॉइलचं केंद्र शोधण्याची युक्ती

फोनची कॉइल पाठीच्या बरोबर मध्यावर असेलच असं नाही. कॅमेऱ्याच्या फुगवट्यामुळे आणि बॅटरीच्या मांडणीमुळे ती वर-खाली सरकवलेली असते. डोळ्यांनी अंदाज बांधू नका, कडा शोधा.

पॅडच्या भोवती, टेबलावर, कागदी टेपच्या दोन पट्ट्या लावा, एक आडवी आणि एक उभी. फोन पॅडच्या बराच उजवीकडे ठेवा, दोन-तीन मिलिमीटर डावीकडे सरकवा, चार-पाच सेकंद थांबा. पॅड थोड्या थोड्या वेळाने चाचपडतो, म्हणून घाई करू नका. चार्जिंग सुरू झालं की फोनच्या कडेशी पेन्सिलची रेघ मारा. आता फोन उचला आणि तेच डावीकडून करा. दोन रेघांच्या बरोबर मधली जागा म्हणजे आडवं केंद्र. मग उभ्या दिशेनेही तसंच.

एक पथ्य पाळा: दरवेळी बाहेरून आत या. आतून बाहेर सरकवत गेलात तर चालू चार्जिंग जास्त दूरपर्यंत तग धरतं, कड चुकीच्या जागी दिसते, आणि एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर असं केलं तर केंद्रच चुकतं. पहिल्या वेळी मी हेच केलं होतं आणि पाच मिलिमीटरने फसलो.

माझ्या फोनचं केंद्र मी रोज ठेवायचो त्याच्या ८ मिलिमीटर खाली निघालं. मग दोन्ही जागी दहा-दहा मिनिटं मोजलं. केंद्रावर Charge counter 1842000 वरून 2009000 झाला, म्हणजे १६७ मिलिअँपियर-तास, म्हणजे सुमारे १००० मिलिअँपियर. नेहमीच्या जागी पुढच्या दहा मिनिटांत 2104000, म्हणजे ९५ ची भर, म्हणजे ५७० मिलिअँपियर. रात्रीच्या नोंदीशी हा आकडा नीट जुळतो. तापमान केंद्रावर ३४ अंशांवर स्थिरावलं, बाजूला ३८ च्या पुढे गेलं. ११ मिलिमीटरवर चार्जिंग टिकलंच नाही, टुंग-टुंग करत राहिलं.

कव्हर काढून केंद्रावर मोजलं तर वेग तोच, तापमान मात्र दोन अंशांनी कमी. यावरून कव्हर निर्दोष ठरत नाही. केंद्रावर पॅडकडे फ्रिक्वेन्सी खाली आणायला जागा शिल्लक होती, म्हणून त्याने कव्हरची फट भरून काढली. ८ मिलिमीटर सरकल्यावर मात्र कव्हरसकट ५७० आणि कव्हरविना ७९०. जाड कव्हर आणि सरक, दोन्ही एकाच k मधून खातात. एकेकटे चालतात, जोडीने नाही. ताईचं कव्हर कागदासारखं पातळ आहे, म्हणून तिचा निष्काळजीपणा खपून जातो. हे तिला सांगितलं नाही.

आणि ते मेसेज

तरी एक कोडं उरलं. आता केंद्रावर ठेवूनही आठवड्यातून एखाद्या रात्री चार्जिंग तुटायचं. झोपताना फोनच्या कोपऱ्याशी टेपवर पेन्सिलने काटकोन काढला. सकाळी फोन त्या काटकोनापासून ६ मिलिमीटर पुढे आणि किंचित तिरपा. घरात कुणी हात लावलेला नव्हता. फोन व्हायब्रेटवर, पॅडचा पृष्ठभाग गुळगुळीत, टेबल नजरेला कळणार नाही इतकं उतरतं, आणि रात्रभर गटातले मेसेज. प्रत्येक थरथरीला फोन केसभर सरकत होता. जुन्या जागेवर तर तो आधीच ८ मिलिमीटर बाहेर होता, त्याला तीनेक मिलिमीटरच पुरे होते.

उपाय म्हणून पॅडच्या कडेला रबराच्या पातळ चकत्या चिकटवल्या, मध्ये नाही, म्हणजे कॉइलवरची फट वाढत नाही. रात्री व्हायब्रेशन बंद केलं. टेबलावर फोनच्या खालच्या कडेला टेकेल अशी एक पट्टी कायमची चिकटवली, अंधारातही जागा सापडते. २०२३ मध्ये आलेल्या Qi2 मध्ये हेच काम चुंबकांची कडी करते, ते फोनला खेचून केंद्रावर बसवतात. सरकण्याचा प्रश्न तिथे मुळातच सुटतो, पण त्याला फोन किंवा कव्हर तसं हवं.

धातूची चकती असेल तर वेगळं प्रकरण

गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी कव्हरमध्ये लोखंडी चकती ठेवली असेल, तर वरचं काहीही करण्याआधी ती काढा. ती क्षेत्र अडवते आणि तापते हे उघड आहे. कमी माहीत असलेली गोष्ट अशी की भोवरे प्रवाहांमुळे धातू पॅडच्या कॉइलचा इंडक्टन्सच बदलू शकतो. समजा तो २४ वरून १८ मायक्रोहेन्री झाला. कपॅसिटर तोच, म्हणून रेझोनन्स १०३ वरून ११९ किलोहर्ट्झवर सरकतो, म्हणजे थेट पॅडच्या चालण्याच्या पट्ट्यात. आता फोन "अजून दे" म्हणतो, पॅड सवयीने फ्रिक्वेन्सी खाली आणतो, ११९ चं शिखर ओलांडून पलीकडच्या उताराला लागतो, आणि ऊर्जा वाढण्याऐवजी घटते. फोन आणखी मागतो, पॅड आणखी खाली जातो. शिवाय शिखराच्या त्या बाजूला पॅडमधले ट्रान्झिस्टर सोयीच्या क्षणी उघड-बंद होऊ शकत नाहीत, तेही तापतात.

चांगला पॅड इतकं होऊ देत नाही. आपण किती दिली आणि फोनला किती मिळाली याचा हिशेब तो ठेवतो. तफावत मोठी दिसली की परका धातू मध्ये आलाय असं समजून बंद होतो आणि दिवा लुकलुकवतो. म्हणून ठेवल्या ठेवल्या किंवा मिनिटभरात दिवा लुकलुकला तर धातू शोधा: चकती, कव्हरमधलं कार्ड, कधी पॅडवर पडलेली पेपर क्लिप. अर्ध्या-पाऊण तासाने थांबून, फोन निवल्यावर पुन्हा सुरू होत असेल तर उष्णता. दिवा शांत, टुंग मात्र वारंवार, असं असेल तर जागा.

माझी शेवटची नोंद मागच्या आठवड्यातली: ११ वाजून १० मिनिटांनी २८ टक्के, २ वाजून ५२ मिनिटांनी १००, सर्वाधिक तापमान ३५.१, false एकदाही नाही. त्या रात्री गटात १४३ मेसेज आले होते.